14 पानांपासून एका कार्डापर्यंत: डाययुरेटिक्सच्या नोट्स मी कशा आटवल्या

प्रिय धाकटीस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, डाययुरेटिक्सच्या नोट्स तीनदा लिहून काढल्या, दरवेळी कमी केल्या, तरी व्हायव्हात कॅल्शियमचं विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना." मी तेव्हा ओपीडीच्या दारात उभी होते, नीट बोलता आलं नाही. पण तुझं बोलणं ऐकून मी हललेच, कारण सेकंड इयरला मी याच जागी अडले होते, तेही कॅल्शियमवरच. म्हणून ते सगळं प्रकरण, वॉर्डात आपण केस लिहितो तसं, क्रमाने लिहून पाठवते आहे.

पार्श्वभूमी

सेकंड इयरला पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजी एकदम अंगावर येतात, हे तू आता भोगतेच आहेस. फार्माचं पुस्तक जाड, म्हणून मी वर्षाच्या सुरुवातीपासून प्रत्येक धड्याच्या स्वतःच्या नोट्स काढत होते. डाययुरेटिक्सची झाली 14 पानं. लेक्चरमधलं, पुस्तकातलं, एका सीनियर मॅमनी सांगितलेलं, सगळं त्यात होतं. प्रत्येक औषध कुठे काम करतं, कशाला देतात, कोणाला देऊ नये, दुष्परिणाम काय, सगळं ओळीने.

ठरवलं असं होतं की प्रत्येक उजळणीला पानं निम्म्याहून कमी करायची. पहिल्या फेरीत 14 ची 5 झाली, दुसऱ्या फेरीत 5 ची 2. खजुरी बाजारातून आणलेली रंगीत पेनं, लाल रंग दुष्परिणामांना, हिरवा उपयोगांना. ती दोन पानं भिंतीवर चिकटवली तेव्हा मला खरंच वाटलं की हा धडा आता आपला झाला.

दिवाळीच्या साफसफाईत जुनी 14 पानं रद्दीत गेली. त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही.

अडचण

रंगपंचमीची गेर झाली त्या आठवड्यात इंटर्नल होती. प्रश्न आला: फ्युरोसेमाइड आणि थायाझाइड यांची तुलना करा, आणि वारंवार कॅल्शियमचे मुतखडे होणाऱ्या रुग्णाला यांतलं कोणतं द्याल ते कारणासह लिहा.

माझ्या दोन पानांवर थायाझाइडसमोर लाल पेनाने लिहिलं होतं: `Ca ↓`. ते अक्षर, तो बाण, पानावरची त्याची जागा, सगळं डोळ्यांसमोर लख्ख आलं. मी लिहून मोकळी झाले की थायाझाइडने रक्तातलं कॅल्शियम कमी होतं. मग मुतखड्यावर त्याचा काय उपयोग, हे काही केल्या जुळेना. शेवटी काहीतरी जुळवाजुळव करून ठेवली.

खरं तर थायाझाइडने लघवीतलं कॅल्शियम कमी होतं आणि रक्तातलं थोडं वाढतं. लघवीत कॅल्शियम कमी म्हणून खडे कमी. 14 पानांत हे पूर्ण वाक्यात होतं. 5 पानांत "युरिनरी कॅल्शियम कमी" होतं. 2 पानांत जागा वाचवायला "युरिनरी" गेलं आणि नुसता बाण उरला. मी विसरले काहीच नव्हते. जे पाठ केलं होतं तेच अर्धवट होतं.

पेपर हातात आला तेव्हा मी सगळ्या चुका मोजत बसले. जिथे मार्क गेले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हाच प्रकार होता. कुठे बाण होता पण कशाचा ते नव्हतं, कुठे औषधाचं नाव होतं पण "याला अपवाद" हा शब्द गळला होता.

दुसरी गोष्ट याहून खोल होती. कापताना मी दर ओळीला एकच प्रश्न विचारत होते, "हे मला येतं का?" आणि पुस्तक समोर उघडं ठेवून विचारलं की उत्तर हमखास "हो" येतं. ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे वाचनात आलं की 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. 5 मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण 2 दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मी भिंतीवरचं पान वाचून लगेच स्वतःला पास करत होते, ती त्या पहिल्या 5 मिनिटांतली परीक्षा होती.

समोर असलेले पर्याय

एक, पुन्हा सगळं मोठं करायचं, म्हणजे पुस्तकच वाचायचं. सुरक्षित वाटत होतं, पण विद्यापीठाच्या परीक्षेआधी संपूर्ण फार्मा त्या वेगाने दोनदासुद्धा झालं नसतं.

दोन, कोणाच्या तरी तयार नोट्सच्या झेरॉक्स घ्यायच्या. वर्गातल्या निम्म्या मुली तेच करत होत्या आणि काहींचं भागतही होतं. मी एका सीनियरची वही आणून पाहिली. तिच्या बाणांचे अर्थ तिलाच माहीत. ती कापताना तिच्या डोक्यात जे शिल्लक होतं ते माझ्या डोक्यात नव्हतंच. दुसऱ्याची पूर्ण वही उपयोगी पडते, दुसऱ्याची आटवलेली वही नाही, असं माझं स्पष्ट मत झालं.

तीन, कार्डं करायची, एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर. हे मला आवडलं होतं आणि काही धड्यांना मी ते केलंही. पण डाययुरेटिक्सचे साठ सुटे प्रश्न केले की नेफ्रॉनचा धागा तुटतो. पोटॅशियम का जातं आणि कॅल्शियम का जातं, ही दोन कार्डं शेजारी येतीलच असं नाही.

चौथा पर्याय घेतला. कमी करायचंच, पण कापण्याचा निकष बदलायचा. पुस्तक बंद करून, वेगवेगळ्या दिवशी, दोनदा लिहिता आलं तरच ओळ कापायची. आणि जी ओळ दुसऱ्या ओळीतून ओढून काढता येते ती आधी कापायची.

काय केलं

पहिली फेरी. जुनी पानं नव्हती, मैत्रिणीची वही आणून पुन्हा 14 पानांच्या आसपास नोट्स केल्या. या फेरीत एकही ओळ कापली नाही. फक्त डावीकडच्या समासात प्रश्न लिहिले, एकूण 22. "थायाझाइडने लघवीतलं कॅल्शियम कमी का होतं?" असे पूर्ण वाक्यातले प्रश्न. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि मन सारखं म्हणत होतं की वेळ वाया चाललाय.

दुसरी फेरी, दुसऱ्या दिवशी. उत्तरं झाकून समासातले प्रश्न तेवढे बघितले आणि कोऱ्या कागदावर उत्तरं लिहिली. मग वही उघडून जुळवलं. आलं तर बरोबरची खूण, अर्धवट आलं तर त्रिकोण, नाही आलं तर फुली. 22 पैकी 9 ला बरोबर. ज्या धड्यात मी भिंतीभर रंग लावले होते त्यात 9! त्या दिवशीही काही कापलं नाही. आठवड्याने पुन्हा तेच केलं आणि दोन्ही वेळा बरोबर आलेल्या ओळी मगच गाळल्या. 14 ची साधारण 6 पानं झाली, आणि ही 6 पानं म्हणजे नेमकं जे मला येत नव्हतं ते होतं.

तिसरी फेरी, आणखी तीन आठवड्यांनी. खरी आटणी इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढला आणि प्रत्येक औषध त्याच्या पंपाच्या जागी बसवलं. मग दर दुष्परिणामाला विचारलं, हा चित्रातून ओढून काढता येतो का?

हेन्लीच्या लूपचा जाड चढता भाग घे. तिथे `Na⁺-K⁺-2Cl⁻` हा वाहक सोडियम आत ओढतो. आत आलेल्या पोटॅशियमपैकी काही पुन्हा नळीत गळतं, त्यामुळे नळीच्या आतली बाजू धन होते. ही धन बाजू कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पेशींमधल्या फटीतून रक्ताकडे ढकलते. फ्युरोसेमाइडने वाहक बंद केला की ती धन बाजू जाते, ढकलणारं कोणी उरत नाही, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम लघवीत जातं. म्हणजे "कॅल्शियम जातं" आणि "मॅग्नेशियम जातं" या दोन्ही ओळी कापता येतात. चित्रात त्या आहेतच.

आता डिस्टल नळी. थायाझाइड तिथला `Na⁺-Cl⁻` वाहक बंद करतं. पेशीच्या आत सोडियम कमी होतं. रक्ताच्या बाजूला एक अदलाबदलीचा वाहक आहे, तो सोडियम आत घेतो आणि कॅल्शियम बाहेर, रक्तात, टाकतो. आत सोडियम कमी असलं की तो जोराने चालतो आणि पेशी नळीतून आणखी कॅल्शियम ओढते. लघवीत कमी, रक्तात जास्त. ज्या ओळीने मला पाडलं होतं ती आता लिहून ठेवायची गरजच नव्हती.

पोटॅशियमचंही तसंच. लूप असो की थायाझाइड, पुढे कलेक्टिंग डक्टकडे जास्त सोडियम पोचतं. तिथे सोडियम आत घेताना पोटॅशियम आणि हायड्रोजन बाहेर जातात, म्हणून रक्तात पोटॅशियम कमी आणि अल्कलोसिस. स्पायरोनोलॅक्टोन आणि अमिलोराइड नेमकी हीच जागा अडवतात, म्हणून त्यांनी पोटॅशियम वाढतं. जोरही चित्रातूनच निघतो. गाळलेल्या सोडियमपैकी साधारण 25 टक्के लूपच्या या भागात परत घेतलं जातं आणि डिस्टल नळीत 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणून फ्युरोसेमाइड थायाझाइडपेक्षा कितीतरी जोरदार.

असं करत 6 पानांचं एक चित्र झालं आणि खाली एक छोटी यादी उरली: जे मला चित्रातून काढता येत नव्हतं ते. फ्युरोसेमाइडने ऐकू कमी येणं. थायाझाइडने साखर आणि युरिक ॲसिड वाढणं. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांत स्तन वाढणं. सल्फाची ॲलर्जी आणि त्यात चालणारं एथाक्रिनिक ॲसिड. वयस्कांत थायाझाइडने सोडियम उतरणं. अशा 9 ओळी. या ओळींत एक नियम कडक पाळला: बाण काढला तर तो कशातला हे लिहायचंच. `Ca ↓` नाही, "लघवीत `Ca ↓`".

चौथी फेरी, परीक्षेच्या आदल्या दिवशी. पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. त्यावर नेफ्रॉनचे चार भाग एका ओळीत, प्रत्येकाखाली एक औषध, आणि 9 पैकी ज्या चार ओळी अजून डळमळत होत्या त्या. कार्ड पुरेसं आहे की नाही याची परीक्षा एकच होती: ते उलटं ठेवून 8 मिनिटांत सगळा नेफ्रॉन कारणांसह काढता येतो का. पहिल्यांदा 13 मिनिटं लागली आणि ॲसिटाझोलामाइड राहूनच गेलं. मग कार्डावर न जाता तिसऱ्या फेरीच्या पानावर परत गेले, तेवढाच भाग पाहिला आणि पुन्हा काढला.

एक निर्णय जो आजीमुळे बदलला

आजीला रक्तदाबासाठी थायाझाइडच्या जातीची गोळी आहे आणि तिचे डॉक्टर अधूनमधून सोडियम तपासायला सांगतात. एकदा पोहे निवडता निवडता तिने विचारलं, "अगं, मीठ कमी खा म्हणतात आणि मीठच कमी झालंय का ते तपासतात, हे काय?" मी तिला मराठीत समजावायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. ती ओळ माझ्या यादीत होती, पाठही होती, पण कारण माहीत नव्हतं.

वॉर्डातल्या एका रेसिडेंटनी दोन मिनिटांत सांगितलं. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात खारटपणाची जी चढण असते ती लूप तयार करतो. फ्युरोसेमाइड ती चढणच मोडतं, म्हणून शरीराला पाणी फारसं धरून ठेवता येत नाही. थायाझाइड तिला हात लावत नाही. मग सोडियम जात राहतं आणि एडीएच पाणी धरत राहतं, म्हणून रक्त पातळ होऊन सोडियम उतरतं. ती ओळ यादीतून निघून चित्रात गेली.

यावरून माझ्या लक्षात आलं की "पाठच करायचं" या यादीत एखादी ओळ कायमची नसते. आपल्याला कारण माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. पण प्रत्येक ओळीचं कारण शोधत बसायचं नाही हेही ठरवलं, नाहीतर परीक्षेआधी धडा संपत नाही. दर यादीतल्या दोन ओळींबद्दलच कोणाला तरी विचारायचं, एवढीच मुभा मी स्वतःला दिली.

निकाल

विद्यापीठाच्या पेपरात डाययुरेटिक्स आलं ते हार्ट फेल्युअरच्या केसमधून: सुजलेले पाय, फ्युरोसेमाइड चालू, पोटॅशियम कमी, पुढे काय कराल. असा प्रश्न मी कधी लिहिला नव्हता, पण चित्र काढलं आणि उत्तर कलेक्टिंग डक्टपाशी सापडलं. तो प्रश्न पूर्ण लिहिला.

सगळीकडे असं झालं नाही, आणि हे तुला आत्ताच कळलेलं बरं. टीबीच्या औषधांना मी हीच पद्धत लावायला गेले आणि फसले. रिफॅम्पिसिनने लघवी नारंगी होते, एथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर जातं, पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं, आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात म्हणून पायरिडॉक्सिन द्यायचं. या चार गोष्टी एका चित्रातून निघत नाहीत. तिथे मी जबरदस्तीने एक पान केलं आणि त्यात डोस गेले. सेफॅलोस्पोरिनच्या पिढ्यांचंही तेच. अशा धड्याच्या नोट्स 3 पानांच्या खाली नेऊ नयेत. तिथे तुझी सुट्या प्रश्नांची कार्डंच बरी.

आणखी एक. माझ्या पानावर "जीएफआर 30 खाली थायाझाइड चालत नाही" अशी ओळ होती. फायनल इयरला कळलं की 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मूत्रपिंड बरंच निकामी झालेल्या रुग्णांतही क्लोरथॅलिडोनने रक्तदाब उतरला होता. एवढ्या आखूड ओळीत अपवाद शिरायला जागाच नसते. आता मी अशा ओळीसमोर एक छोटा तारा काढते, म्हणजे "इथे काहीतरी गाळलं आहे".

आज करायचं झालं तर

जुनी पानं रद्दीत घालणार नाही. प्रत्येक फेरीचं पान मागच्या पानाला टाचून ठेवीन आणि ओळीशेजारी मागचा पान नंबर लिहीन. बाणाचा अर्थ सुटला तर मागे जायला वाट हवी. मला मैत्रिणीची वही मिळाली म्हणून निभावलं.

पहिली फेरी इंटर्नलनंतर नाही, तर लेक्चर झालं त्याच आठवड्यात सुरू करीन. चार फेऱ्यांमधलं अंतर माझ्याकडून घाईत आखूड झालं, आणि दुसरी-तिसरी फेरी जवळ आली की ओळी खोट्या पास होतात. आलेल्या ओळी आलेल्याच आहेत का, हे कळायला मध्ये थोडं विसरावं लागतं.

आणि रंग शेवटच्या फेरीपर्यंत लावणार नाही. रंगवलेली ओळ कापायला हात धजत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

तुझ्या तीन फेऱ्या मी पाहिलेल्या नाहीत, पण तू सांगितलंस त्यावरून वाटतं की तुझाही बाण कुठेतरी एकटा पडलाय. तिसरी फेरी फाडू नकोस. पहिल्या वहीतून समासातले प्रश्न काढ, वीसेक पुरेत, आणि उद्या सकाळी न बघता लिही. शनिवारी संध्याकाळी मी घरी आहे. येताना फक्त कोरे कागद आणि ते प्रश्न आण, वही होस्टेलवरच राहू दे. नेफ्रॉन माझ्यासमोर काढ, आणि कॅल्शियमपाशी आलीस की लिहू नकोस, आजीला समजेल असं मोठ्याने सांग. ती तिथेच बसलेली असते.

तुझी,
ताई